अनुभव धागा: बुटीबोरीच्या शिबिरातलं भाषण आणि निकोटिनचा गम

धागाकर्ता: कारखान्याच्या आरोग्य शिबिरात सिगारेट सोडलेले एक सुपरवायझर पहिल्या वर्षाबद्दल बोलले. निम्मा वेळ त्यांनी गमवरच घालवला. म्हणे, लोक तो चुकीचा खातात आणि मग 'गमनं काही होत नाही' म्हणतात. ऐकणाऱ्यांनी आणि जाणकारांनी भर घाला.

दवाखान्यातली सिस्टर: त्यांचं बरोबर आहे. गम हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि तो गाल व हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. एक गम असा अर्धा तास चालतो. निकोटिन गालातून शोषलं जातं. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जातं. उचकी लागते, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला 2 मिलिग्रॅमचा गम कमी पडतो, त्याला 4 चा लागतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. लोक तलफ डोक्यात गेल्यावर तीन-चार खातात, तिथेच गाडी अडते. पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद करायचा.

स्टोअरवाला: पण त्यांनी चहा बंद करायला सांगितला ना? तर्री-पोह्यांवर चहा नाही म्हणजे कठीणच, भाऊ.

सिस्टर: बंद नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत नको. आंबटपणानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. मात्र कप कमी करा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाचं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मग छाती धडधडते, झोप उडते आणि माणूस त्यालाच तलफ समजतो.

पॅकिंगवाला: मी सिगारेट नाही, खर्रा खाऊन राहिलो. मलेबी हाच गम चालते का?

सिस्टर: चालतो, पण खर्रेवाल्यांना सतत चावायची सवय असते, त्यामुळे वरची चूक तेच जास्त करतात. हिरड्या सोलल्या असतील, तोंड पूर्ण उघडत नसेल तर आधी दंतवैद्याला दाखवा. फोनवर सल्ला हवा तर 1800-11-2356 ही सरकारी मोफत सेवा आहे.

मेंटेनन्सवाला: तीन महिन्यांनंतरचं राहिलंच. तेव्हा अंगाची तलफ गेलेली असते, उरते ती जागेची: टपरी, रात्रपाळीची सुट्टी, लग्नाची वरात. वक्ते म्हणाले, अशा ठिकाणी जाताना खिशात एक गम वर्षभर ठेवा. मला हे पटत नाही, त्यानं गमचीच सवय लागेल.

सिस्टर: काहींना लागते खरी. तरी वरातीतल्या एका सिगारेटपेक्षा तो गम मला चालेल. डॉक्टर मंडळींचं मात्र यावर एकमत नसतं.