कॉन्ट्रास्ट सीटीआधी मेटफॉर्मिन बंद: गरज कुणाला?

प्रश्न (अनघा): आईचं वय ६८, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी ठरलाय, क्रिएटिनीन १.२. सेंटरवाले म्हणतात दोन दिवस आधीपासून गोळी बंद करा. तिचे डॉक्टर म्हणतात काही बंद करू नका. डाय आणि गोळीची रिअॅक्शन येते का? कुणाचं ऐकायचं?

संजय: सेंटरचं ऐका. गोळी अंगात असताना डाय गेला की रक्तात लॅक्टिक अॅसिड वाढतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दोन दिवस आधी बंद केली की गोळी निघून जाते, मग धोका नाही.

मृणालिनी: लॅक्टिक अॅसिडची भीती खरी, पण ते होतं कसं ते वेगळं आहे, संजय. डाय आणि मेटफॉर्मिन यांची आपसात काही रिअॅक्शन नाही. मेटफॉर्मिनचं यकृतात विघटन होत नाही, ते जसंच्या तसं लघवीवाटे जातं. डायमुळे मूत्रपिंडाला इजा झालीच, तर गोळी बाहेर पडत नाही, रोजच्या डोसागणिक साठत जाते आणि मग लॅक्टेट चढतं. म्हणजे मध्ये मूत्रपिंड बिघडल्याशिवाय ही साखळी पुरी होतच नाही.

म्हणून ४८ तास मोजायचे ते स्कॅननंतरचे. इजा झाली तरी क्रिएटिनीन त्याच दिवशी वाढत नाही, साधारण एक-दोन दिवस घेतं. तोवर गोळी थांबवायची, रक्त तपासायचं आणि आकडा स्थिर असेल तरच पुन्हा सुरू करायची. स्कॅनच्या सकाळी चुकून गोळी घेतली, तरी तेवढ्यासाठी स्कॅन रद्द करायचं कारण नाही. थांबवायची असेल तर तिथून पुढे थांबवावी.

आता आईंचं. नुसत्या क्रिएटिनीनवर जाऊ नका. १.२ हा आकडा तिशीतल्या पुरुषाचा असता तर ई-जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा अंदाज, ८३ च्या आसपास आला असता. ६८ वर्षांच्या बाईत तोच आकडा म्हणजे ४९. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या सूचनेनुसार ३० किंवा त्याहून जास्त ई-जीएफआर असेल आणि मूत्रपिंड नुकतंच बिघडलेलं नसेल, तर शिरेतून दिलेल्या डायसाठी गोळी थांबवायची गरज नाही. त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

फार्मासिस्ट विवेक: मला पटत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात बदल केला. ई-जीएफआर ३० ते ६० असेल, यकृताचा आजार, दारूचं व्यसन किंवा हार्ट फेल्युअर असेल, किंवा डाय धमनीतून द्यायचा असेल, तर स्कॅनच्या वेळी किंवा आधी गोळी थांबवा आणि ४८ तासांनी ई-जीएफआर पाहा, असं त्यात आहे. ४९ त्यात सरळ बसतो. सेंटर चुकलंय ते फक्त 'दोन दिवस आधी' म्हणण्यात.

आणखी एक. अनेकांची मेटफॉर्मिन ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असते. वेष्टन न वाचता 'ती वेगळी गोळी' म्हणून चालूच राहते. उलट ती बंद केली तर दुसरं औषधही सुटतं आणि साखर चढते. त्या दोन दिवसांत काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रेखा: माझ्या सासऱ्यांचा गुडघ्याचा एमआरआय आहे. त्यांनीही थांबवायची का?

मृणालिनी: रेखाताई, नाही. इथे आयोडीनच्या डायबद्दल बोलणं चाललंय. गुडघ्याच्या एमआरआयला बहुतेकदा डाय लागत नाही. लागलाच तर तो गॅडोलिनियमचा, त्यासाठी मेटफॉर्मिन थांबवत नाहीत.

विवेक, माहितीपत्रक तसंच आहे, मान्य. धमनीतल्या डायबद्दलही, विशेषतः तो थेट मूत्रपिंडाच्या धमन्यांत जाणार असेल तर, मी थांबवायलाच सांगेन. पण शिरेतल्या डायमध्ये ३० ते ६० वाल्या सगळ्यांना थांबवलं, तर पुष्कळ जण ४८ तासांनी तपासणीला येतच नाहीत. मग कुणी न तपासता गोळी सुरू करतं, कुणाची आठवडाभर बंद राहते.

संजय: ४८ तासांचं माझं उलटं झालं होतं. पण मग आधी रक्त तपासायचंच कशाला?

मृणालिनी: कारण ३० च्या खाली कोण आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही. प्रकृती स्थिर असेल तर युरोपियन सूचनेत तीन महिन्यांतला रिपोर्ट चालतो. दवाखान्यात दाखल असेल किंवा आजार अचानक उठला असेल, तर सात दिवसांतला हवा. उलट्या-जुलाब, ताप, लघवी कमी, वेदनाशामकं सुरू, असं काही असेल तर महिन्यापूर्वीच्या ४९ ला अर्थ नाही, नवा रिपोर्ट काढा. जीव धोक्यात असेल तर मात्र रिपोर्टसाठी स्कॅन अडवत नाहीत. गोळी थांबवतात आणि नंतर तपासतात.

विवेक: आणि थांबवली तर ४८ तासांनी बघायचं काय, तेही सांगूया. १.२ चा १.३ झाला तर तो प्रयोगशाळेतला फरकही असू शकतो, डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतील. १.६ आला, म्हणजे ०.४ ची वाढ, तर सुरू करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ०.३ ची वाढसुद्धा ४८ तासांत झाली तर ती मूत्रपिंडाची इजाच धरतात.

अनघा: रिपोर्ट पाच महिन्यांपूर्वीचा आहे, आणि मागच्या आठवड्यात आईला जुलाब झाले होते.

मृणालिनी: मग ४९ विसरा. स्कॅनआधी क्रिएटिनीन नव्याने काढा, आणि जुलाब झाल्याचं सेंटरला फॉर्मवर लिहून द्या.

विवेक: नवा आकडा ३० ते ६० मध्ये आला, तर मी तरी थांबवायलाच सांगेन.