दोन ऑफर: बीकेसी की ऐरोली?

बी-३०३: नमस्कार. बीकेसीतील तीन वर्षे जुनी कंपनी १८ लाखांचे पॅकेज आणि चार जणांच्या टीमची जबाबदारी देत आहे, तर ऐरोलीतील जुनी, मोठी कंपनी सध्याच्याच कामासाठी १५ लाख देत आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. तीन लाखांवर पाणी सोडावे का, हे ठरत नाही. दोन्ही पत्रे काकांना पाठवली आहेत.

ए-५०२ (काका): पत्रे नीट वाचली. बीकेसीच्या १८ लाखांत २ लाख ४० हजार व्हेरिएबल आहे आणि १ लाख जॉइनिंग बोनस, जो एकदाच मिळतो. मूळ वेतन दोन्हीकडे वर्षाला ६ लाखच असल्यामुळे कंपनीच्या वाट्याचा ७२ हजार पीएफ आणि सुमारे २९ हजार ग्रॅच्युइटी दोन्ही आकड्यांतून सारखीच वजा होते; कायम नोकरीत पाच वर्षे भरल्याखेरीज ग्रॅच्युइटी साधारणपणे हाती येत नाही, तरी पॅकेजमध्ये ती धरलेली असते. ऐरोलीचे व्हेरिएबल ७५ हजार आहे. हे सारे काढून उरलेली रक्कम बाराने भागली, तर बीकेसीचे महिन्याला सुमारे १ लाख १३ हजार होतात आणि ऐरोलीचे १ लाख १० हजार. त्यातून तुझा पीएफ आणि कर जायचा आहेच. म्हणजे तीन लाखांतले खात्रीचे असे महिन्याला तीन हजारच आहेत.

बोनसचे कलमही पुन्हा वाच. वर्षाच्या आत नोकरी सोडलीस, तर पूर्ण १ लाख परत करायचे आहेत, आणि तुझ्या हातात मात्र कर कापून उरलेलेच पडलेले असतील.

सी-१०४ (काकू): मी सहा वर्षे बीकेसीला जात होते. डोंबिवलीहून फास्ट लोकलने कुर्ला आणि तिथे शेअर रिक्षाची रांग, असे दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास सहज लागत. ऐरोलीला ठाण्यात गाडी बदलून तासाभरात पोहोचशील. रोजचा दीड तास म्हणजे महिन्याच्या २२ दिवसांत ३३ तास होतात, आणि पावसाळ्यातले खोळंबे यात धरलेले नाहीत.

ए-५०२ (काका): माझ्या मते पगारासाठी बीकेसी घेऊ नये, घ्यायचीच असेल तर टीमसाठी घ्यावी, कारण माणसे सांभाळल्याचा अनुभव पुढच्या मुलाखतीत खरोखर मोजला जातो. पण त्याआधी तीन गोष्टी विचार: गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्ष किती टक्के दिले, ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेले, आणि ते चार जण आज कामावर आहेत की अजून भरायचे आहेत. टीम कागदावरच असेल, तर वर्षभर तू सध्याचेच काम करशील. प्रोबेशन सहा महिन्यांचे आहे आणि तुझ्या घराचा हप्ता चालू आहे, हेही धरून चाल.

बी-३०३: काका, काकू, मनापासून आभार. तिन्ही प्रश्न आत्ताच एचआरला मेलवर विचारले आहेत, म्हणजे उत्तरही लेखी येईल. चार जणांपैकी दोघे जरी आज कामावर असतील, तर बीकेसी घेईन. नाहीतर शुक्रवारी ऐरोलीला होकार कळवतो.