मदत हवी आहे: झुरळांच्या जेलबद्दलचे गैरसमज, पोस्टचा मसुदा तपासून द्याल का?

ऐरोलीकर
ऐरोली-रबाळे भागात पेस्ट कंट्रोलची कामं घेतो. सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायला गैरसमजांवर छोटी पोस्ट लिहितोय. विषय एवढाच: ट्रॉल्यांत सापडणारी बारकी तपकिरी, म्हणजे जर्मन झुरळं.

तक्रार ठरलेली असते. जेल लावलं की दुसऱ्या दिवशी भरदिवसा ओट्यावर झुरळं फिरतात. घरचे घाबरून वरून बाजारातला स्प्रे मारतात आणि आठवड्यानं फोन येतो, "जेल नकली होतं." मसुद्यात लिहिलंय की स्प्रेनं जेल वाया जातं. पण का, ते दोन ओळींत पटेल असं जमत नाहीये. आणि "जेलनं अंडीही मरतात" हे लिहू की नको?

सानपाडा_७
अंड्यांवर जेल चालत नाही, ते काढून टाका. म्हणून तर पंधरा दिवसांनी सगळीकडे पुन्हा जेल लावायचं. स्प्रेचं एवढं काही नाही हो. ठिपक्यावर थेट मारला नाही म्हणजे झालं.

खाडीकाठ
अंड्यांचं बरोबर आहे, स्प्रेचं नाही. या स्प्रेंमध्ये बहुतेक पायरेथ्रॉइड असतं आणि झुरळ त्यापासून पळतं. बिजागरीत जेल आणि शेजारच्या फळीवर स्प्रे असेल तर झुरळ त्या बिजागरीकडे फिरकतच नाही. ठिपका शाबूत राहतो, झुरळं हॉलमधल्या टीव्ही युनिटमध्ये मुक्काम हलवतात. घरच्यांना वाटतं किचन साफ झालं.

जेल हे खाणं आहे, हे एक वाक्य पोस्टमध्ये सगळ्यात वर टाका. फिप्रोनिलचं जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, काही तासांपासून दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात ते फटीत परत जातं, तिथली पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात आणि तीही मरतात. स्प्रेनं ओट्यावरच मेलं तर हा पुढचा मार खुंटला. दिवसा लडखडत फिरणारं झुरळ बहुतेक वेळा जेल खाल्लेलंच असतं. त्याला मारू नका, फिरू द्या, असं स्पष्ट लिहा. लोकांना हेच सगळ्यात जड जातं.

अंड्यांबद्दल: मादी ३०-४० अंड्यांची कुपी फुटायच्या बेताला येईपर्यंत अंगालाच बाळगते. ती आधीच मेली तर बरीचशी अंडी वाया जातात, पण कुपी पिकलेली असेल तर पिल्लं निघू शकतात. म्हणून दुसरी भेट हवी, पण सरसकट जेल थापायला नव्हे. बॅटरी घेऊन ठिपके बघायचे. जिथे खाल्लंय तिथे भर घालायची. जिथे हात लागलेला नाही ती जागा सोडून शेजारची फट धरायची.

ठिपका मसुराच्या दाण्याएवढा, साधारण ०.१ ग्रॅम. झुरळं फार असलेल्या किचनमध्ये असे ४० ठिपके म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम. चार जागी मोठे गोळे लावले तर वरून सुकतात आणि लांबची झुरळं तिथवर येत नाहीत. बिजागऱ्या, ट्रॉलीचे चॅनल, सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत जातो ती फट, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळचा कोपरा. तेलकट फळीवर ठिपका धरत नाही, म्हणून पुसापुशी जेलच्या आधी करायला सांगा, नंतर नाही.

घोडबंदर_रोड
आमच्याकडे तर जेलचा काडीचा उपयोग झाला नाही. मोठी लाल झुरळं, रात्री बाथरूममध्ये निघतात, उडतात पण! तुम्ही लोक सांगतच नाही.

खाडीकाठ
ताई, ती वेगळी जात. ती चेंबरमधून नहाणीच्या जाळीवाटे वर येतात, किचनच्या जेलशी त्यांचा संबंध नाही. जाळीखालचा ट्रॅप बसवून घ्या आणि सोसायटीला चेंबरचं काम करायला लावा. ऐरोलीकर, "कोणतं झुरळ?" ही ओळ मात्र पोस्टमध्ये हवीच.

ऐरोलीकर
घेतली. एक अडलंय. सेक्टर ८ मधलं एक किचन, चिकट सापळे चार. जेलआधी एका रात्रीत ४६ झुरळं, सातव्या दिवशी ४१. स्प्रे मारलेला नाही, घरच्यांनी शपथेवर सांगितलं. ठिपके जवळपास अख्खे.

सानपाडा_७
शपथ सोडा, खडू ओढला असेल.

खाडीकाठ
तेही शक्य आहे. खडूही बहुधा पायरेथ्रॉइडचाच असतो, ट्रॉल्यांच्या मागे पांढरी रेघ दिसते का बघा. नसेल तर दुसरी शंका: ग्लुकोज टाळणारी जर्मन झुरळं असतात, १९९३ पासून नोंद आहे. जेलमधल्या गोडाला ती तोंड लावत नाहीत. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या औषधाचं जेल आणि जुनं जेल एकाच फटीजवळ वीतभर अंतरावर लावा, दुसऱ्या दिवशी कोणतं खाल्लंय बघा. दोन्ही अख्खी राहिली तर जागाच चुकली असेल. मग ट्रॉल्या बाहेर काढूनच बघावं लागेल.

ऐरोलीकर
शनिवारी जातोय. सापळ्यांचे आकडे इथेच टाकतो.