मुक्तेश्वरांचे आई-वडील: गोदावरी-चिंतामणी की लीला-विश्वंभर?

नौपाड्याचा वाचक: आमच्या वाचनकट्ट्यावर मुक्तेश्वरांचं महाभारत चालू आहे. एका चरित्रात वडील चिंतामणी आणि आई गोदावरी (म्हणजे संत एकनाथांची लेक), दुसऱ्यात विश्वंभर आणि लीला. खरं कोणतं धरायचं?

ऐरोलीची सून: दोन्ही खरी. माझ्या आजीचं माहेरचं नाव मथुरा, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं सरस्वती. सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. वारसनोंदीच्या वेळी दोन बायका आहेत असं समजून कागद परत आला होता. गोदावरीची लीला झाली असेल, एवढंच.

कळव्याचे काका: मुक्ताबाईंचे वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी. यात वाद कसला?

नौपाड्याचा वाचक: काका, मुक्ताबाई नव्हे, मुक्तेश्वर. एकनाथांचे नातू.

पाचपाखाडीचे निवृत्त शिक्षक: ताई, तुमच्या आजीचं पटतं, पण त्यानं आईचा प्रश्न सुटतो, वडिलांचा नाही. लग्नात पुरुषाचं नाव बदलत नाही. मला खटकतं ते वेगळंच. मुक्तेश्वरांची काव्यातली मुद्रा, म्हणजे ओवीत सहीसारखं येणारं नाव, 'लीलाविश्वंभर' आहे, आणि ही दोन पर्यायी नावं नेमकी तीच मुद्रा मधोमध तोडून मिळतात. एकाच घरातल्या नवराबायकोची दुसरी नावं जोडली की कवीची मुद्रा तयार होते, हा योगायोग मला पचत नाही. दत्ताच्या सोळा अवतारांत लीलाविश्वंभर आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त. म्हणजे कवी दैवताला नमन करतोय, आणि पुढच्या कुणीतरी त्यातून आई-बाप काढले. चिंतामणी-गोदावरीच धरा.

वाशीची अभ्यासक: सर, सोळा अवतारांची यादी आज आपण म्हणतो ती टेंबे स्वामींच्या लेखनातून रूढ झाली. त्यांचा काळ १८५४ ते १९१४. मुक्तेश्वर सतराव्या शतकातले. नंतरच्या यादीवरून आधीच्या कवीचा अर्थ ठरवू नये. शिवाय श्लेष कवीला वर्ज्य आहे का? वडिलांचं नाव विश्वंभर असेल म्हणूनच त्यानं ते दैवतनाम निवडलं असेल.

पाचपाखाडीचे निवृत्त शिक्षक: यादीबद्दलचा आक्षेप मान्य. मग यादी बाजूला ठेवून ओवीच वाचू. मुद्रा येते तिथे क्रियापद आणि विशेषणं बघा. आई-बाप दोघं असतील तर अनेकवचन हवं. एकवचन असेल आणि जवळच गुरूचं किंवा अवधूताचं वर्णन असेल, तर ते एकाच दैवताचं नाव. आदिपर्वाच्या नमनापासून सुरुवात करा. आणि दोन पोथ्या समोर ठेवा, कारण नकलाकार अनुस्वार सहज सोडतो आणि एकवचन-अनेकवचन तिथेच फिरतं.

वाशीची अभ्यासक: पण एकवचन निघालं तरी वडिलांचं नाव विश्वंभर नव्हतं हे सिद्ध होत नाही. मुद्रेचा पुरावा गेला, एवढंच होईल.

पाचपाखाडीचे निवृत्त शिक्षक: खरं आहे. पण मग विश्वंभर नावाला मुद्रेबाहेरचा आधार तुम्ही दाखवायचा.

नौपाड्याचा वाचक: टिपणात सध्या चिंतामणी-गोदावरी लिहितो, आणि दुसरी जोडी 'मुद्रेवरून सांगितलेली' म्हणून वेगळी. रविवारी आदि आणि सभापर्वातल्या मुद्रेच्या ओव्या उतरवून आणतो.

ऐरोलीची सून: माझा मुद्दा आईपुरता तरी ठेवा.

नौपाड्याचा वाचक: ठेवला आहे, ताई.