मदत हवी आहे: एनव्हिवोमध्ये १८४ कोड झालेत, आता यातून 'थीम' कशा काढायच्या?

सुगरण_पाखरू

नमस्कार मंडळी. समाजकार्य विषयात पीएचडी करते आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या २६ मुलाखती घेतल्या आहेत, सगळ्या मराठीत, शब्दशः टाइप केलेल्या. विद्यापीठाच्या लायसन्सवर एनव्हिवो हे मुलाखतींच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मिळालं, त्यात ओळीओळीने कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक ओळीला ती कशाबद्दल आहे ते नाव दिलं. आता डावीकडच्या यादीत १८४ कोड उभे आहेत. सरांना यादी दाखवली तर ते म्हणाले, "ही यादी झाली, थीम कुठे आहेत? सॉफ्टवेअर आहे ना, काढ."

मी कोडांचे सहा फोल्डरसारखे गट केले: उचल, मुकादम, आरोग्य, मुलांचं शिक्षण, फडावरचं काम, गावाकडचं घर. 'उचल', म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, सगळ्यात वर आहे, References च्या रकान्यात ९१ नोंदी. म्हणजे तीच मुख्य थीम धरायची का? वर्ड क्लाउडही काढून पाहिला, त्यात सगळ्यात मोठा शब्द 'मग' आला. हसू नका.

नेमकं कोणतं बटण दाबायचं राहून गेलंय?

कोकणी_कासव

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या वेळी सभासदांच्या दीडशे हरकती आल्या होत्या. मी त्या सगळ्या एक्सेलमध्ये टाकल्या, शेजारच्या रकान्यात विषय लिहिला (पार्किंग, कॉर्पस, भाडं), फिल्टर लावला, झालं. पार्किंग पहिलं आलं, बिल्डरशी पार्किंगवरच बोललो. एवढं महागडं सॉफ्टवेअर कशाला लागतं?

आकडेमोड

ताई, वर्ड क्लाउडचं सोपं आहे. 'मग', 'आणि', 'हो' हे शब्द Stop Words मध्ये टाका, क्लाउड सुधारेल. थीमसाठी Matrix Coding Query चालवा: ओळींत कोड, रकान्यांत बायकांचे गट (पहिलाच हंगाम / जुन्या). जिथे आकडा मोठा तिथे थीम. आणि मैत्रिणीकडून दोन-तीन मुलाखती पुन्हा कोड करून घ्या, Coding Comparison मध्ये काप्पा, म्हणजे दोघींच्या कोडिंगमधल्या एकमताचा आकडा, येतो. तो ०.७ च्या वर आला की विश्लेषण बरोबर आहे हे सिद्ध होतं, व्हायव्हात कोणी बोलत नाही.

दगडफूल

सुगरण, असं बटण नाहीच, त्यामुळे राहून काही गेलेलं नाही. सॉफ्टवेअर कपाट चांगलं सांभाळतं. तुम्ही कोणत्या ओळीला काय नाव दिलं ते विसरत नाही आणि मागाल तेव्हा त्या नावाच्या सगळ्या ओळी एकत्र समोर ठेवतं. त्या ओळी एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हे मात्र त्याला कळत नाही.

आधी ९१ चं बघू. References च्या शेजारी Files नावाचा रकाना आहे, हा कोड किती मुलाखतींत आला ते त्यात दिसतं, तिथे किती आहे? आणि त्या ९१ पैकी किती नोंदी सर्च करून आपोआप कोड केल्या होत्या? दोन्ही सांगा, मग बोलू.

कासवराव, तुमच्या कामाला एक्सेल पुरेसं होतं, कारण प्रत्येक हरकतीत एकच मागणी होती आणि ती लेखी होती. इथे बाई एका वाक्यात लग्न, दवाखाना आणि मुकादम तिन्ही बोलते.

सुगरण_पाखरू

Files मध्ये १९. पण आत्ता उघडून पाहिलं तर ९१ पैकी जवळजवळ निम्म्या नोंदी दोनच मुलाखतींतल्या आहेत, दोघी खूप बोलक्या होत्या.

आणि हो, सुरुवातीला Text Search मध्ये `उचल*` टाकून जे आलं ते थेट कोडमध्ये ढकललं होतं. नुसतं 'उचल' टाकलं तर 'उचलीचे', 'उचलीसाठी' सुटत होतं म्हणून. चार नोंदी चिकटवते, ओळख पटेल असं सगळं काढलेलं आहे:

१. "पोरीच्या लग्नाला घेतली हुती उचल, निम्मी दवाखान्यातच गेली."
२. "मोळी उचलून डोक्यावर घ्यायची, ट्रकात चढायचं फळीवरनं."
३. "उचल फिटली नाय म्हणून यंदा परत त्याच मुकादमाकडं."
४. "उचल त्येंनीच घेतली. मला आकडा बी ठाव नाय."

दगडफूल

हेच हवं होतं. दुसरी नोंद बघा. ती मोळी उचलण्याची आहे, पैशांशी तिचा संबंध नाही, पण ती तुमच्या ९१ मध्ये बसली आहे. एनव्हिवोच्या शोधात 'शब्दाची सगळी रूपं' अशी सोय काही भाषांसाठी आहे, मराठी त्यांत नाही. म्हणून तारा लावावा लागला, आणि ताऱ्याने क्रियापदही ओढून आणलं. उलट एखादी बाई "त्याचे पैसे अंगावर हायेत" म्हणाली असेल तर ती उचलीबद्दलच बोलते आहे, पण शोधात येणार नाही. शोध घेऊन तिथे जाऊन वाचायला हरकत नाही. निकाल न वाचता कोडमध्ये टाकू नये, इतकंच.

आता उरलेल्या तीन. पहिलीत उचल कशात संपली ते आहे. तिसरीत उचलीमुळे पुढच्या हंगामाला तीच टोळी नशिबी आली, म्हणजे ते बांधलेपण आहे. चौथीत व्यवहार कोणाच्या हातात होता ते आहे. तिन्हींत शब्द एकच आहे, पण सांगणं तीन वेगळं. 'उचल' हे तुमच्या कोडचं नाव खरं तर विषयाचं नाव आहे.

असं करा. आधी प्रोजेक्टच्या फाइलची प्रत काढून ठेवा, कारण कोड एकदा एकमेकांत मिसळले की कुठली नोंद कुठून आली हे शोधणं जिकिरीचं होतं. मग 'उचल' उघडा, सगळ्या नोंदी एका बैठकीत सलग वाचा. प्रत्येक नोंदीला विचारा, ही बाई उचलीबद्दल काय म्हणते आहे? उत्तर पूर्ण वाक्यात आलं पाहिजे. त्या वाक्यांवरून नवे कोड करा आणि प्रत्येक कोडच्या मेमोत दोन ओळी लिहा: यात काय येतं, आणि जवळचं वाटलं तरी काय येत नाही. दुसरी ओळ लिहिताना घाम फुटतो, पण कोडला आकार तिथेच येतो.

आकडेमोड, मॅट्रिक्स चांगली चीज आहे, मीही वापरतो, पण वाचायला कुठून सुरुवात करावी हे ठरवायला. मोठ्या आकड्यात बोलक्या बायकांचा वाटा मोठा असतो. शिवाय एक परिच्छेद एकदम कोड केला तर एक नोंद, त्याचीच चार वाक्यं सुटी कोड केली तर चार. आणि शून्याचं काय? सुगरण, 'व्यवहार कोणाकडे' हा प्रश्न तुम्ही पहिल्या मुलाखतीपासून विचारत होतात का?

सुगरण_पाखरू

नाही. आठव्या-नवव्या मुलाखतीनंतर सुचला. त्याआधी कोणी आपणहून बोललं तरच.

दगडफूल

मग आधीच्या मुलाखतींसमोर जे शून्य दिसेल ते 'विचारलंच नाही' याचं शून्य आहे. तक्त्यात दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. प्रत्येक मुलाखतीला एक Attribute जोडा, 'व्यवहाराचा प्रश्न विचारला: होय/नाही', म्हणजे निदान तुम्हाला तरी फरक दिसेल. तसंच मुलाखतीच्या वेळी कोपीत आणखी कोण बसलं होतं तेही नोंदवा. नवरा किंवा मुकादमाचा माणूस शेजारी असताना दिलेलं उत्तर आणि एकटीने दिलेलं उत्तर सॉफ्टवेअरला सारखंच दिसतं.

बापू_पुणेकर

लायसन्स संपल्यावर फाइल उघडेल का? माझं अर्धं काम तसं अडकलंय.

दगडफूल

बापू, लायसन्स चालू आहे तोवर प्रोजेक्ट `.qdpx` मध्ये एक्सपोर्ट करून ठेवा. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत देवाणघेवाण करता यावी म्हणून ठरवलेलं ते स्वरूप आहे. अ‍ॅटलस, मॅक्सक्यूडीए आणि फुकट मिळणारं क्वालकोडर ते वाचतात. कोड आणि कोड केलेला मजकूर जातो, बाकी सगळं जसंच्या तसं जाईल याची खात्री नाही. उघडून तपासा आणि मगच निर्धास्त व्हा.

सुगरण_पाखरू

वाचून काढलं. मोळीवाल्या आणि तसल्या नोंदी गेल्या, अंगावरच्या पैशांच्या आल्या, आणि 'उचल'चे तीन कोड झाले. 'उचल कशात गेली' मध्ये ४७ नोंदी, 'उचलीने बांधलेपण' मध्ये २२, 'उचलीचा व्यवहार नवऱ्याच्या हाती' मध्ये फक्त ८, पण आठही वेगवेगळ्या मुलाखतींतल्या.

एक गोष्ट सलग वाचताना दिसली. 'आरोग्य'मध्ये 'खाडा' असा कोड होता. पाळीत किंवा आजारपणात फडावर गेलं नाही तर खाडा लागतो, ते पैसे उचलीच्या हिशोबात धरतात. त्या आठ जणींपैकी पाच जणी खाड्याबद्दलही बोलल्या आहेत. म्हणजे आजारी पडली ती, कर्ज वाढलं जोडप्याच्या नावावर, आणि मुळात कर्ज किती हे तिला माहीत नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो मोजताना दोघं, हिशोबाला बसताना एकटा तो. हे मी दोन वेगळ्या गटांत टाकून बसले होते. याला थीम म्हणता येईल का?

दगडफूल

म्हणता येईल, आणि कोडांच्या झाडात ती कुठेच बसणार नाही, कारण ती दोन फांद्यांना आडवी जाते. झाड मोडू नका. नवा मेमो उघडा, आत्ता इथे लिहिलंत ते तसंच त्यात लिहा, त्या नोंदी जोडा. मग मुद्दाम उलट उदाहरण शोधा: कोणी बाई आकडा सांगते का, स्वतः मुकादमाशी भांडते का? अशी सापडली तर तिला बाजूला सारू नका, थीमचं वाक्य बदला. आठ आणि ४७ चं दडपण घेऊ नका. ४७ मधून पैसे कशात गेले याची यादी मिळते, तीही प्रबंधात लागेलच.

आकडेमोड

मान्य, पण काप्पा तरी काढा. परीक्षक विचारतात.

दगडफूल

विचारतात, खरं आहे. पण एनव्हिवो काप्पा अक्षरांच्या पातळीवर मोजतं. तुम्ही वाक्य कोड केलंत आणि मैत्रिणीने त्याच अर्थाने अख्खा परिच्छेद, तर दोघींचं एकमत असूनही आकडा घसरतो. उलट बराच मजकूर दोघींनीही कोड केलेला नसतो, त्यामुळे टक्केवारीतलं एकमत फुगतं. आणि आकडा छान आला तरी दोघींनी नावं सारखी लावली एवढंच कळतं. खाडा आणि उचल जोडणं बरोबर आहे का, याचं उत्तर त्यात नाही.

सुगरण_पाखरू

सरांना काप्पाचा आकडा हवाच आहे, पद्धतीच्या प्रकरणात तक्ता टाक म्हणाले. एकटीने केलेल्या कोडिंगला मैत्रिणीचा आकडा जोडणं मला खटकतं, पण नाही कसं म्हणू? कोणी काप्पा न देता पीएचडी केली असेल तर परीक्षकांना काय सांगितलं ते लिहा.

रेघोट्या

मी दिला नव्हता. त्याऐवजी कोडांच्या व्याख्या कधी आणि का बदलल्या याची तारखांसकट नोंद परिशिष्टात दिली. एका परीक्षकाला पटलं. दुसऱ्यांनी अहवालात 'विश्वासार्हता तपासलेली नाही' असा शेरा मारला, आणि तो तसाच राहिला.