अनुभव धागा: रूममेटचं थकलेलं भाडं आणि पसारा, विषय कसा काढलात?

मुक्ता_ल: काल भाचीचा फोन आला. रूममेटने दोन महिन्यांचा वाटा दिलेला नाही, वर सिंक कायम भरलेलं. "मावशी, बोलायला गेले की भांडणच होईल." मला आमची जुनी खोली आठवली. तिघींपैकी सगळ्यात मोठी होती तिने थकवणारीला एकटीला गाठून सांगितलं, "जून-जुलैचा तुझा वाटा मी माझ्या बचतीतून भरलाय. ऑगस्टचा मला जमणार नाही. तुझी काही अडचण आहे का?" भांड्यांचं नावही काढलं नाही. कळलं की भाडं ५ तारखेला आणि तिचा पगार १० नंतर, त्यात घरीही पैसे पाठवायचे. मग ठरलं: चालू वाटा १२ ला, आणि थकबाकीपोटी दर महिन्याला अर्धा वाटा जास्त. चार महिन्यांत फिटलं. तुमचे अनुभव लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

निशिगंध: बोलणं झाल्यावर लगेच तेच मेसेजमध्ये लिहून पाठवायचं. ग्रुपवर नाही हं, तिला एकटीला. चौघांसमोर आकडा आला की माणूस आधी अब्रू वाचवतो, पैशाचं राहूनच जातं.

सारंग७: एवढं कशाला? डिपॉझिटमधून कापायला सांगा मालकांना.

वसुधाताई: सारंग, डिपॉझिट दोघींचं मिळून असेल तर भाचीचेही पैसे अडकतील. करार दोघींच्या नावे असला की बहुतेक वेळा मालक पूर्ण भाडं कुणाही एकीकडे मागू शकतो. मुक्ता, आधी करार वाचायला सांग तिला.

सारंग७: हो का, हे माहीत नव्हतं. माझा करार एकट्याचा होता.

पावशा: आमचे मालक तर मध्येच भाडं वाढवतात, त्यांच्याशी कसं बोलायचं ते सांगा कुणीतरी.

निशिगंध: पावशा, वेगळा धागा काढ ना, मी येते तिथे.

केतकी_म: पसाऱ्याबद्दल. "तू किती अस्वच्छ राहतेस" म्हटलं की माझी रूममेट आठवडाभर बोलत नसे. मग एकदा रविवारी निवांत बसून दोघींनी ठरवलं, रात्री झोपताना सिंक रिकामं आणि ओट्यावर काही नाही. तिच्या खोलीत कपड्यांचा ढीग असो, तिथे मी बघत नाही. आता "सिंक राहिलंय गं" एवढंच पुरतं. बाथरूमचं मात्र अजून जमलेलं नाही, तिला तिथले केस दिसतच नाहीत बहुतेक. कुकर झाला, येते नंतर.

रानवारा: माझ्या रूममेटने हप्ते कबूल केले, पहिला दिला, मग "पुढच्या आठवड्यात" सुरू. मी नीटच बोललो होतो. शेवटी तो खोली सोडून गेला, बाकी अजून येणं आहे. मैत्री टिकली की नाही, सांगता येत नाही.

मुक्ता_ल: वाईट वाटलं रे. वसुधाताई, करार भाचीच्या एकटीच्याच नावावर निघाला, आत्ताच विचारलं. मग मालक तिलाच धरणार ना?

वसुधाताई: हो, तिलाच. रूममेटकडून आजच थकलेले महिने आणि रक्कम लेखी कबूल करून घ्यायला सांग.