मदत हवी आहे: एकाच बरणीत मिसळलेले खडे मसाले ओळखायचे आहेत (फोटो जोडला आहे)

ऐरोलीची_सून
नमस्कार. येत्या रविवारी वर्षाचा मसाला डंकावर कुटायला न्यायचाय. सासूबाई गावी आहेत आणि उरलेले सगळे खडे मसाले त्यांनी एकाच बरणीत भरून ठेवलेत. फोनवर म्हणाल्या, "त्यातलं बाद्यान, मसाला वेलची आणि जायपत्री काढून घे." आता यातलं बाद्यान कुठलं, इथूनच माझी सुरुवात आहे. फोटोत आकडे टाकलेत. १ चांदणीसारखं, २ तपकिरी सुरकुतलेलं बोंड, ३ पिवळट जाळी, ४ लालसर काळपट धाग्यांचा झुबका, ५ देठ असलेले मिरीएवढे दाणे. वास घेऊन पाहिला, पण सगळ्यांना एकच वास येतोय.

कोपरीची_काकू
१ म्हणजे चक्रीफूल, त्यालाच आपल्याकडे बाद्यान म्हणतात. २ मसाला वेलची. ३ आणि ४ दोन्ही जायपत्रीच गं, लाल आहे ती ताजी आणि पिवळी आहे ती जुनी. बिनधास्त घाल.

जांभळी_नाका
आमचं मसाल्याचं दुकान होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. काकूंचं १ आणि २ बरोबर आहे. जायपत्री झाडावर लालभडक असते हेही खरं, पण वाळताना तिचा रंग उतरून ती पिवळट-केशरी होते. बरणीत पडलेली, वाळलेली, तरीही गडद लाल आणि बारीक धाग्यांची असेल तर मला रामपत्रीची शंका येते. ती जायफळाच्याच कुळातली, पण वासाला अगदीच फिकी. जायपत्रीच्या पट्ट्या रुंद आणि चपट्या असतात, नखाने दाबलं की तेल सुटतं. रामपत्रीचे धागे बारीक असतात आणि टोकाशी एकमेकांत गुंतलेले असतात.

ताई, फोटो स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलाय, त्यात ३ आणि ४ च्या रंगावर काही ठरवता येणार नाही. सकाळी खिडकीशी पांढऱ्या कागदावर एकेक नग ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि पुन्हा काढा. वासाचं म्हणाल तर मसाला वेलची धुरावर वाळवतात, त्यामुळे तिच्यासोबत ठेवलेलं सगळं तिच्याच वासाचं होतं. बाहेरून हुंगू नका. नग मोडा आणि आतला भाग बोटांत चोळून मग वास घ्या.

घणसोली_७
माझाही याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. नातवाला, चार महिन्यांचा आहे, पोट दुखतं म्हणून बाद्यानाचं पाणी द्यायला शेजारणीने सांगितलंय. १ नंबरचंच वापरायचं ना?

जांभळी_नाका
कृपा करून देऊ नका. बाद्यानासारखंच दिसणारं एक जपानी फळ आहे, ते विषारी असतं. त्याची भेसळ झालेली चक्रीफुलं आणि त्यांचा चहा यांमुळे तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या घटना घडल्या होत्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये तसा इशाराही दिला होता. वाळलेली दोन्ही फळं शेजारी ठेवली तरी नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही, फोटोवरून तर नाहीच. बाळाला डॉक्टरांकडे न्या.

ऐरोलीची_सून
सकाळी सगळं ताटात ओतून निवडलं. १ ला आठ पाकळ्या आहेत आणि प्रत्येक होडीत एक चकचकीत बी. मोडल्यावर बडीशेपेचा गोडसर वास आला. २ चं बोंड फोडलं तर आत चिकट काळ्या बिया, वास चुलीच्या धुराचा आणि कापराचा. ३ ला नखाने दाबल्यावर बोट तेलकट झालं आणि जायफळासारखा वास आला. ४ मात्र कोरडंच, वास जेमतेम. ५ चा नवा फोटो टाकतेय, देठ आणि दाण्याच्या मध्ये छोटीशी वाटी दिसतेय.

कोपरीची_काकू
५ कबाबचिनी. शेपटीची मिरी.

जांभळी_नाका
काकू, कबाबचिनीची शेपटी थेट दाण्यातूनच निघते, वाटी नसते. वाटीत बसलेला दाणा आहे, म्हणजे मला नागकेशर वाटतं. एक फोडून बघा. दालचिनीसारखा मंद वास आला तर नागकेशर. मिरीसारखा झणझणीत आणि जिभेला गार लागला तर काकूंचं खरं. ४ बद्दल मी पैज लावणार नाही. फार जुन्या जायपत्रीचं तेलही उडून जातं, त्यामुळे धाग्यांचा जाळीदार झुबका दिसला तरी शंभर टक्के सांगता येत नाही.

ऐरोलीची_सून
५ मंद वासाचंच निघालं, म्हणजे नागकेशर. ४ वेगळ्या पुडीत बांधून ठेवलंय. सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "ते पूर्वी कुणीतरी कोकणातून आणलेलं होतं, नाव आठवत नाही." रविवारच्या मसाल्यात ते घालणार नाही. त्या आल्या की पुडी त्यांच्यापुढे ठेवेन आणि काय म्हणतात ते इथे लिहीन.